वरचा एक डॉलर

त्या रविवारी सकाळी घरात आम्ही पाच जण होतो. मी, माझा मुलगा, माझी सून, दहा वर्षांची नात आणि मुलाचा मित्र. मुलगा बँकेत आहे, सून हिशोबाच्या कंपनीत. मित्र इथेच सिंगापुरात, बिशान भागात राहतो आणि विद्यापीठात आकडेमोडीचंच काहीतरी संशोधन करतो. मला काकू म्हणतो. सहावं कोणी नव्हतं. हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते या पाच जणांनाच माहीत आहे, आणि आता तुम्हाला.

मी चौथीपर्यंत शिकलेली. नवरा लवकर गेला. मिरजेला स्टेशनामागे खानावळ चालवून मुलाला शिकवलं. गुडघे गेले तेव्हा मुलगा म्हणाला, आता बास, चल माझ्याकडे. म्हणून इथे सिंगापूरला, पुंगोल भागात आले. माझा राहायचा पास मुलाच्या नावावर आहे. तो इथे आहे तोवर मी इथे. तो गेला की सगळं घर गेलं. एवढं मला पहिल्या दिवसापासून पक्कं ठाऊक आहे.

मुलगा आणि मित्र फुटबॉलवर पैसे लावायचे. मला आधी वाटलं, व्यसन लागलं. चुलत्यांना आकड्याचं लागलं होतं, घरातली भांडी गेली होती, ते मी लहानपणी बघितलंय. पण यांचं तसं नव्हतं. ओरडणं नाही, टीव्हीपुढे बसणं नाही. मॅच बघायचेसुद्धा नाहीत. कंपनीने लावलेला भाव, म्हणजे जिंकल्यावर एकाचे किती मिळणार तो आकडा, चुकलाय असं यांच्या गणिताने सांगितलं की लावायचे. नाहीतर हात लावायचे नाहीत.

"काकू, हा जुगार नाही," मित्र म्हणायचा.

"मग पोलिसांना सांगून ये की," सून म्हणायची. "इतका चांगला धंदा आहे तर."

कारण इथे सरकारने परवानगी दिलेलं एकच दुकान आहे. परदेशातल्या कंपन्यांच्या साइट बंद केल्यात, तिथे खेळणं गुन्हा आहे. दंड आहे, तुरुंग आहे. हे दोघं आडवाटेने त्या साइट उघडायचे. मला हे नंतर कळलं. कळल्यापासून दाराची बेल वाजली की मी हातातलं काम थांबवायचे. पार्सलवाला असायचा. तरी थांबवायचे.

पैसे किती लावायचे याचा त्यांचा नियम होता. सगळे पैसे मिळून एक गल्ला. प्रत्येक वेळी गल्ल्यातला थोडासाच भाग लावायचा. भाव फार चुकलेला वाटला तर भाग जरा मोठा, थोडा चुकलेला वाटला तर अगदी लहान. गल्ला वाढला की लावायची रक्कम वाढणार, घटला की आपोआप घटणार. म्हणजे एकदम कधी बुडणार नाही, आणि जिंकत गेलं तर जिंकलेल्यावर आणखी जिंकता येणार. मला ते पटलं होतं. खानावळीचं पीठ मी तसंच भरायचे. गिऱ्हाईक वाढलं तर पोतं, कमी झालं तर पायली.

पण एक दिवस मुलगा जेवायला बसला आणि भाकरी हातातच राहिली.

"काय झालं रे?"

"काही नाही आई. मी चारशे डॉलर टाकले. ते म्हणतात तुझ्याकडून बाराच घेणार."

"घेत नाहीत म्हणजे? पैसे नको झाले त्यांना?"

"माझे नको झालेत."

मला कळेना. दुकानदार गिऱ्हाईक हाकलेल कशाला? मग मित्राने समजावलं. म्हणाला, काकू, जो हरतो त्याच्याकडून ते हवे तेवढे घेतात. जो जिंकण्यासारखा वाटतो त्याचं माप लहान करतात. खातं बंद नाही करत, हाकलत नाहीत. जिंकलेले पैसे बहुतेक वेळा देतात पण. फक्त पुढच्या वेळी मोठी रक्कम टाकली की पडद्यावर येतं, एवढेच.

"पण याने कुठे फार जिंकलंय? गेल्या महिन्यात हरला होता ना?"

"तेच तर. ते जिंकलेले पैसे बघत नाहीत फक्त. आपण भाव कधी उचलला ते बघतात. आपण सकाळी लावतो. मॅच सुरू होईपर्यंत तोच भाव खाली आलेला असतो. दर वेळी असं झालं की त्यांना कळतं, याला आधीच कळतंय. मग तो हरो की जिंको."

तेव्हा मला आमचा पैलवान आठवला. खानावळीच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पोटभर जेवण. तालमीतला एक पोरगा यायचा, पोळ्यांचा ढीग संपवायचा. मी त्याला कधी हाकललं नाही. नुसतं त्याच्या पानाकडे जाणं कमी केलं. हाक मारली की एक पोळी. पुन्हा हाक, पुन्हा एक. महिन्याभरात तो स्वतःच यायचा बंद झाला. हे सांगितल्यावर मित्र इतका हसला की त्याला ठसका लागला.

"काकू, तुम्ही बुकी झाला असता."

"आणि तुम्ही पैलवान," सून म्हणाली. "नुसत्या पोळ्या मोजणारे."

हसणं तिथेच संपलं. कारण नियम मोडला होता. गणित सांगायचं चारशे, साइट घ्यायची बारा. गल्ला मोठा असून उपयोग काय? चारशेची रक्कम गल्ल्याच्या हिशोबाने आलेली. बाराच लावता येत असतील तर गल्ला दहापट असला तरी बाराच. पैसा पडून राहतो, आणि जिंकलेल्यावर जिंकणं हे जे होतं ते बंदच. मोठ्या सामन्यांवर मोठी रक्कम घेतात, मित्र म्हणाला, पण तिथला भाव इतका नेमका असतो की आपल्याला उरत काही नाही. काही कंपन्या जिंकणाऱ्यालाही अडवत नाहीत, त्यांचंही तेच. भाव घट्ट, चूक सापडत नाही.

मुलाला थांबायला ती वेळ चांगली होती. तो थांबला नाही. त्याने दुसरी वाट काढली. सुनेच्या नावाने खातं काढलं, ती कुरकुरत तयार झाली. मित्राचं अजून अडवलेलं नव्हतं, तेही वापरलं. आणि मग माझ्याकडे आला.

"आई, पासपोर्ट दे जरा. आणि इकडे बघ, फोटो काढतो."

मला वाटलं पासाचं काही असेल. पासाचे कागद नेहमी तोच करायचा. मी पदर नीट करून बसले. फोटो काढून झाल्यावर म्हणाला, तुझ्या नावाने खेळायचं आहे, तुला काही करायचं नाही, मी सांगेन ते दाबायचं.

मी नाही म्हटलं नाही. इथे मी त्याच्या घरात राहते.

त्याने काळजी खूप घेतली. सगळ्यांचे फोन वेगळे, नंबर वेगळे. घरच्या वायफायवरून कोणी लावायचं नाही, नाहीतर कंपनीला कळतं एकाच घरातून चाललंय. सून ऑफिसला जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसून लावायची. मित्र विद्यापीठातून. मी खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, दगडी टेबलापाशी, चिनी म्हातारे बुद्धिबळासारखं काहीतरी खेळत बसतात तिथे. मुलगा फोनवर चित्र पाठवायचा, कुठे दाबायचं तिथे लाल गोल केलेला. शेवटी रक्कम. लिफ्टपाशी पोलिसांचा बोर्ड आहे, चोरांपासून सावध राहा असा. त्याच्यापुढून जाताना मी मान खाली घालायचे. एकदा दोन पोलीस सायकलवरून आले, माझ्याजवळच थांबले. मी फोन पालकाच्या जुडीखाली सरकवला. ते पाणी प्यायले, मला हात केला आणि गेले. वर आल्यावर दार लागलंय का ते मी तीनदा जाऊन बघितलं. भात करपला.

रक्कम किती, तेही त्याने सांगून ठेवलं होतं. गणितातून येणारे तिरके आकडे टाकायचे नाहीत. सदतीस, एकशे अठ्ठावीस असलं काही टाकलं की त्यांना कळतं हा हिशोब करून खेळतोय. मजेसाठी खेळणारा माणूस पन्नास लावतो, शंभर लावतो. तसंच करायचं.

काही महिने चाललं. मग त्या रविवारी सकाळी, मी पोह्यांना फोडणी घालत होते, तेवढ्यात मित्र न सांगता आला. चप्पल घातलेलीच आत आला. सून ओरडणार होती, पण त्याचं तोंड बघून गप्प बसली.

"माझं गेलं. दोन डॉलरच्या वर घेत नाहीत," तो म्हणाला.

मुलाने सुनेचा फोन उघडला. तिचंही तसंच. मग माझा. माझ्या खात्यात सगळ्यात जास्त पैसे साठले होते. तिथे वेगळाच निरोप होता. खातं तपासणीसाठी थांबवलं आहे, पैसे काढता येणार नाहीत, खातेदाराने पासपोर्ट घेऊन व्हिडिओवर यावं. आजच अकरा वाजता.

"तिन्ही एकाच दिवशी कशी?" मुलगा म्हणाला. "फोन वेगळे, जागा वेगळी..."

"एकच बाजू, एकाच सकाळी लावतो आपण," मित्र म्हणाला. "तेवढं पुरेल त्यांना." मग त्याने तिन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले आणि जुने आकडे वरखाली केले. हळूच म्हणाला, "वहिनी, हे एक्कावन्न का?"

सून म्हणाली, "म्हणजे?"

"पन्नास सांगितलं होतं ना? हे बघा. एक्कावन्न. एकशे एक. पुन्हा एकशे एक. दोनशे एक."

"शून्यावर पैसे द्यायचे कसे?" सून म्हणाली. "पाकिटात तरी आपण देतो का? वर एक घातला. एका डॉलरने काय होतंय?"

माझ्या फोनवरही तेच होतं. एक्कावन्न, एकशे एक. आमच्या घरातून कधी शून्याचे पैसे बाहेर गेले नाहीत. लग्नात, बारशात, पूजेला, वरचा रुपया घातल्याशिवाय हात पुढे होत नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं घाल म्हणून. बोटच जायचं.

मुलाने मित्राकडे बघितलं. "आणि तुझं?"

मित्र खुर्चीत बसला. "माझंही," म्हणाला. "एकशे एक." आणि हसायला लागला, मग थांबला.

तीन माणसं, तीन जागी, एकमेकांना न विचारता, वर एक डॉलर घालत होती. अख्ख्या जगात असं कोण करतं? आम्हीच. नक्की कशामुळे धरलं ते कंपनी कधी सांगत नाही. पण मित्र म्हणाला, यांनी एका सेकंदात ओळखलं असेल, ही एकाच घरची माणसं.

नात खोलीतून आली. "What happened? Ajji bet ah? Teacher said cannot lah, police will catch."

"तू आत जा," सून म्हणाली.

"आजी, तुला पकडणार?"

"नाही गं. पोहे खा," मी म्हटलं. तिची बशी भरली.

मुलाने लॅपटॉप उघडला आणि दुपारच्या सामन्याचं गणित करायला बसला. मला वाटलं, हा वेडा झाला. मित्र मागे जाऊन उभा राहिला.

"गल्ला किती धरलास?"

"सगळा. आईच्या खात्यातला धरून."

"ते अडकलेत रे! मिळाले तर मिळतील. निम्मा गल्ला तिथे आहे. जो हातात नाही तो धरून भाग काढलास तर तू पाच टक्के म्हणतोस ते दहा होतात. आणि बारीक सामन्यांवर आता कोणी घेत नाही, म्हणून तू मोठ्या सामन्यावर ओततोयस. जिथे आपल्याला काही येत नाही तिथे. बुडायचं नाही म्हणून तो नियम होता ना?"

"म्हणून तर आईचे काढले पाहिजेत."

तेव्हा सून बोलली. "त्यात फ्लॅटचे पैसे आहेत?"

मुलाने लॅपटॉप मिटला.

"मी विचारते, फ्लॅटसाठी ठेवलेले त्यात आहेत?"

"काही," तो म्हणाला.

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

अकराला थोडा वेळ होता. मुलगा माझ्यासमोर बसला. लहानपणी शाळेची तयारी मी त्याची घ्यायचे तसा.

"आई, कंपनीवाले विचारतील, खातं तुम्हीच चालवता का. हो म्हणायचं. कोणता खेळ? फुटबॉल. फोन कोणाचा? माझा. शेजारी कोणी आहे का? नाही. हिंदीत बोलतील, तसं मी सांगितलंय."

"आणि पोलीस?"

"त्यांचा काही संबंध नाही. कंपनी परदेशातली आहे."

"मग पैसे कुठे येणार?"

"तुझ्या बँकेत."

"इथल्या?"

"हो."

"बँकेने विचारलं, आजीबाई हे कुठून आले, तर?"

तो बँकेतच आहे. त्याला उत्तर माहीत होतं. तरी म्हणाला, "आई, एवढं एकदा कर. नाहीतर सगळं जाईल."

मित्र खिडकीपाशी गेला होता. खालून एलआरटीची छोटी गाडी गेली. एवढ्यात दाराची बेल वाजली.

कोणी हललं नाही. मुलाचा चेहरा पांढरा पडला. बेल पुन्हा वाजली. मी उठले. वाटलं, जे असेल ते माझ्यापुढे येऊ दे, मुलापुढे नको. दार उघडलं तर समोरच्या घरातली मलय बाई, हातात कुकरची शिट्टी, आमची खिडकीतून पडली होती म्हणून आणून दिली. मी थँक्यू म्हटलं. दार लावून तिथेच भिंतीला टेकले. मुलगा अजून पांढराच होता. पस्तिशी उलटलेला माणूस, मोठ्या पगाराचा, एका शिट्टीला घाबरलेला. मी त्याच्याकडे बघत राहिले.

फोन वाजला. मुलगा टेबलाच्या पलीकडे, चित्रात दिसणार नाही असा बसला. पडद्यावर एक मुलगी आली, सुनेच्या वयाची. गोड बोलली.

"नमस्ते माँजी. पासपोर्ट दिखाइए. चेहरे के पास." मी दाखवला. "ये खाता आप ख़ुद चलाती हैं?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. मी खानावळ चालवलीय. काल केलेली भाजी ताजी आहे असं शंभर वेळा सांगितलंय. पण तेव्हा मागे माझं स्वतःचं स्वयंपाकघर होतं. इथे पासपोर्ट गालाला लावून मी एका अशा माणसापुढे बसले होते, ज्याचा देश कुठला तेही मला माहीत नाही. हो म्हटलं तर हे उद्या पुन्हा होणार. दुसरं खातं, दुसरा फोटो. मग कदाचित विहिणीचा. आणि बेल प्रत्येक वेळी शेजारणीची नसणार.

"नहीं," मी म्हटलं.

"जी?"

"मैं नहीं चलाती. मेरे को खेल नहीं आता. कोई बोलता है तो दबाती हूँ."

टेबलापलीकडून मुलाने हात पुढे केला, तसाच मागे घेतला. पडद्यावरच्या मुलीने काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, समझ गई माँजी, धन्यवाद, आणि गेली.

मित्राने खिडकीकडेच तोंड ठेवलं. मुलगा उठून बाथरूममध्ये गेला. नळ बराच वेळ चालू होता.

संध्याकाळी निरोप आला. दुसऱ्याने चालवलेलं खातं म्हणून बंद. जिंकलेलं काही मिळणार नाही. भरलेलं परत हवं असेल तर आणखी कागद पाठवा. मुलाने ते पाठवले नाहीत. पाठवायला त्याला भीती वाटली, आणि ते मला बरं वाटलं. फ्लॅटचे काही पैसे गेले ते गेले. सून बरेच दिवस त्याच्याशी फक्त कामाचं बोलायची. माझ्याशी तो आठवडाभर बोलला नाही. मग एक दिवस बाजारातून येताना स्वतःहून कारली घेऊन आला, मला आवडतात म्हणून, आणि ओट्यावर ठेवून गेला. आता तो लावत नाही. निदान या घरातून नाही. पूर्ण खात्री मी देत नाही.

पोलीस आले नाहीत. पण येणारच नाहीत असं मला कोणी लिहून दिलेलं नाही. माझा चेहरा, माझा पासपोर्ट, माझा आवाज, सगळं त्या कंपनीकडे आहे. ते परत मागता येत नाही. पासाची मुदत वाढवायची वेळ आली की मी आठवडाभर नीट जेवत नाही. मोठा लिफाफा आला की मुलगा आणि मी एकमेकांकडे बघतो, मग लिफाफा तो उघडतो.

तुम्ही हे वाचत असाल, आणि माझ्यासारखं मुलाच्या घरी राहत असाल, तर एवढंच मागते. घरातल्या कोणी फोटोसाठी पासपोर्ट मागितला तर आधी विचारा, कशासाठी. उत्तर कळलं नाही तर देऊ नका.